मजुरी ठरते ती गावात

१८९७ सालच्या सुरुवातीला मुंबईच्या रस्त्यांवर एक अजब प्रकार चालला होता. गिरण्यांची माणसं नाक्यानाक्यावर उभी राहून कामगारांसाठी चढाओढीने बोली लावत होती. एरवी महिन्याचा पगार पुढच्या महिन्यापर्यंत अडकवून ठेवणारे मालक आता रोजच्या रोज, संध्याकाळी रोख पैसे मोजायला तयार झाले होते. आदल्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉक्टर अकासिओ व्हिएगस या गोवेकर डॉक्टरांनी प्लेगचा पहिला रोगी ओळखला होता. पुढच्या चार-पाच महिन्यांत आठ लाखांच्या या शहरातून जवळपास निम्मी माणसं गावाकडे पळाली. चात्या आणि माग जागच्या जागी होते, कापूस गोदामात होता, फक्त माणूस नव्हता. साथ ओसरली, बोटी भरभरून माणसं परत आली, आणि रोजचा रोख पगार बघता बघता बंद झाला. पुन्हा महिन्याचा हिशेब, पुन्हा जॉबरची दस्तुरी, पुन्हा पहाटे फाटकाबाहेर कामाच्या आशेने उभी असलेली गर्दी.

त्या काही महिन्यांत गिरणीच्या आत काहीच बदललं नव्हतं. तेच यंत्र, तेच सूत, कामगाराचं कसबही तेच. बदलली होती ती फाटकाबाहेरची गर्दी. मग कामगाराचा पगार नक्की ठरतो कशावर? तो किती सूत काढतो यावर, की त्याच्या जागी यायला किती जण उभे आहेत यावर?

या प्रश्नाला अर्थशास्त्रातलं सर्वांत गाजलेलं उत्तर दिलं आर्थर लुईस यांनी. वेस्ट इंडीजमधल्या सेंट लुशिया या चिमुकल्या बेटावर १९१५ साली जन्मलेल्या या कृष्णवर्णीय मुलाला इंजिनिअर व्हायचं होतं, पण काळ्या इंजिनिअरला त्या काळात नोकरी कोण देणार, म्हणून तो अर्थशास्त्राकडे वळला. १९५२ च्या ऑगस्टमध्ये बँकॉकच्या रस्त्यावरून चालताना आपल्याला हे कोडं एकदम सुटलं, असं त्यांनीच पुढे लिहून ठेवलं आहे. त्यांना छळणारं कोडं असं होतं: इंग्लंडमध्ये औद्योगिक क्रांतीच्या पहिल्या पन्नासेक वर्षांत उत्पादन झपाट्याने वाढलं, नफे फुगले, तरी मजुरांची खरी मिळकत जवळजवळ जागच्या जागी का राहिली? १९५४ साली त्यांनी हे उत्तर एका लेखात मांडलं. मजूर जोवर हवे तितके मिळतात तोवर मजुरी वाढत नाही, हा त्याचा गाभा.

वाक्य साधं आहे, पण त्याच्या आतला हिशेब साधा नाही. तो कोकणातल्या एखाद्या घरात बसून केलेला बरा, कारण मुंबईच्या गिरण्या पहिली दोन-तीन पिढ्या कोकणानेच चालवल्या. १९११ च्या जनगणनेत मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी जवळपास निम्मे एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातले होते.

समजा, चार भावांचं एक घर आहे. थोडी खाचरं, वर थोडी वरकस जमीन. वर्षाला चाळीस मण भात होतं आणि चारही संसार त्यावर जेवतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला दहा मण. आता धाकटा भाऊ मुंबईला गेला तर भात किती घटेल? लावणीचे आणि कापणीचे दिवस सोडले तर चौघांनाही पुरेसं काम नसतंच. उरलेले तिघे आणि घरातल्या बायका थोडा जोर लावतील आणि उत्पन्न फार तर एका मणाने कमी होईल. धाकट्याच्या हातून पडणारी भर एक मण, आणि त्याच्या पानात पडणारं भात दहा मण. कारखान्यात असा माणूस एक दिवस टिकणार नाही, पण घर म्हणजे कारखाना नव्हे. घरात वाटा कामावर ठरत नाही, नात्यावर ठरतो.

लुईस यांची सगळी मांडणी या दहा आणि एकमधल्या अंतरावर उभी आहे. धाकटा मुंबईला यायचा तर गिरणीने त्याला दहा मणांच्या किमतीपेक्षा जास्त द्यायला हवं. खानावळीचे पैसे, खोलीचं भाडं, घरदार सोडण्याचा त्रास, हे सगळं धरून साधारण तीस टक्के जास्त लागतात असा लुईस यांचा अंदाज होता. म्हणजे तेरा मण. तो गिरणीत वीस मणांचं काम करो की पन्नास मणांचं, मालकाला तेराच मोजायचे आहेत, कारण त्याच्या मागे बारा वाड्यांतले धाकटे भाऊ रांगेत उभे आहेत. गिरणीतल्या मजुरीचा पाया असा गावातल्या पानावर ठरतो. वरची सगळी रक्कम मालकाची.

या वरच्या रकमेकडे लुईस दुष्टपणा म्हणून पाहत नाहीत. त्यांच्या दृष्टीने विकासाचं इंजिन तेच आहे. मालकाने नफ्यातून नवी गिरणी काढली की आणखी धाकटे भाऊ येतात, नफा वाढतो, तिसरी गिरणी उभी राहते. पूर्वी राष्ट्रीय उत्पन्नाच्या चार-पाच टक्के बचत करणारा देश बारा-पंधरा टक्के कसा करू लागतो, हा त्यांना विकासाचा कळीचा प्रश्न वाटे, आणि त्याचं उत्तर या नफ्यात होतं. असं करत करत एक दिवस गावातले जास्तीचे हात संपतात. त्यापुढचा माणूस उचलला तर शेतात काम खरंच अडतं, त्याला सोडवून आणायला जास्त पैसे मोजावे लागतात आणि शहरात व गावात दोन्हीकडे मजुरी चढू लागते. या वळणाला आज जगभर लुईस यांच्या नावाने ओळखतात.

इथे चाणाक्ष वाचक मला अडवेल. धाकटा गेल्यावर घरात एकोणचाळीस मण भात आणि खाणारे तीन, म्हणजे वाटा तेरा मणांवर गेला. मग दुसरा भाऊ तेरा मणांवर का येईल? बरोबर आहे. पहिल्या माणसाबरोबरच मजुरी चढायला हवी. ती चढत नाही, कारण गावातली ही वाढ गावात राहत नाही. कोकणात ती खोताच्या कोठारात जाई. कुळाने निम्म्यापर्यंत भात खोताला घालायचं, हे सर्रास चाले. शिवाय घरात नवी तोंडं येत असतात. आणि काही ठिकाणी ती मुद्दाम राहू दिली जात नाही. लुईस हे वसाहतींचे जाणकार होते. आफ्रिकेत गोऱ्या मळेवाल्यांनी आणि खाणमालकांनी गावकऱ्यांच्या जमिनी काढून घेतल्या, रोख कर लादले, ते मजूर स्वस्तात मिळावेत म्हणून, हे त्यांनी त्याच लेखात स्पष्ट लिहिलं आहे. गावची शेती सुधारली तर शहरातला मजूर महागतो. शेती मागास राहण्यात कुणाचा फायदा असतो, हे यातून आपोआप कळतं.

आता मराठी वाचकाला माहीत असावी अशी एक गोष्ट. लुईस यांच्या छत्तीस वर्षं आधी, १९१८ साली, रत्नागिरी जिल्ह्यातल्या आंबडवे गावचं मूळ असलेल्या एका तरुण अर्थशास्त्रज्ञाने भारतातल्या लहान शेतांवर एक निबंध लिहिला होता. बाबासाहेब आंबेडकर यांचा. तेव्हा सरकारी आणि सुशिक्षित मंडळींना वाटत होतं की तुकडे जोडून शेतं मोठी केली की शेती सुधारेल. आंबेडकरांनी हा विचार उलटा केला. शेत लहान आहे हा रोग नाही, ते लक्षण आहे. जमिनीवर गरजेपेक्षा जास्त माणसं रेटून बसली आहेत आणि हे रिकामे हात काही न पिकवता खातात, त्यामुळे भांडवलही साठत नाही. उपाय शेतात नाही, उद्योगांत आहे. जास्तीचे हात उद्योगांनी ओढून घेतले की शेतंही आपोआप मोठी होतील. लुईस यांनी मजुरीचा आणि नफ्याचा पुढचा हिशेब बसवला, पण निदान हेच होतं. पाठ्यपुस्तकांत त्याचा उल्लेख नसतो, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

या निदानाला विरोधही जोरदार झाला, आणि त्याचा पुरावाही आपल्याच भूमीतून काढला गेला. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थिओडोर शुल्ट्झ म्हणाले, शेतात फुकटचे हात वगैरे काही नसतात. १९१८ मध्ये इन्फ्लुएंझाची साथ मुंबईत उतरली आणि तिथून देशभर पसरली. त्यांच्या हिशेबाने शेतात काम करणारे सुमारे आठ टक्क्यांनी घटले, आणि पेरलेली जमीनही सुमारे चार टक्क्यांनी कमी झाली. हात जास्तीचे असते तर पेरा का घटला? वरवर बिनतोड वाटणारा हा पुरावा अमर्त्य सेन यांनी १९६७ साली तपासला. त्यांचा एक मुद्दा माझ्या मते निर्णायक आहे. साथ प्रत्येक घरातून एकेक माणूस मोजून नेत नाही. एक घर अख्खं बसतं, शेजारचं सुटतं. अख्खं घर गेलं की त्याचं शेत पडीक राहणारच. चार भावांतला एक मुंबईला जातो तेव्हा मात्र मागे तिघे असतात, आणि ते त्याचं काम वाटून घेतात. दोन्हीकडे माणसं सारखीच घटली तरी शेतावरचा परिणाम वेगळा. गंमत म्हणजे १९७९ साली अर्थशास्त्राचं नोबेल पारितोषिक लुईस आणि शुल्ट्झ या दोघांना एकत्र देण्यात आलं.

मग मुंबईला ते वळण आलं का? पगार तर वाढले. १९४७ नंतर गिरणी कामगारांची मिळकत सुधारली, महागाई भत्ता आणि बोनस मिळत राहिला. पण त्याच गिरण्यांच्या फाटकाबाहेर बदली कामगारांची रांग तशीच होती. रोज सकाळी हजेरीला यायचं, कुणी गैरहजर असला तर आत, नाहीतर घरी. बदलीच्या या पद्धतीला १९३५ पासून रीतसर रूप मिळालं होतं. रांग उभी असताना आतल्यांचा पगार वाढतो तो संघटनेमुळे आणि कायद्यामुळे. त्याचं श्रेय लढणाऱ्यांना, पण लुईस यांचं वळण ते नव्हे. ओळखायची खूण अशी: ज्याच्या पाठीशी संघटना नाही, कायदा नाही, अशा माणसाची मजुरी पाहा. शेतमजुराचा रोज, नाक्यावरच्या बिगाऱ्याचा रोज. महागाई वजा करून तो सलग काही वर्षं चढत असेल, आणि शहर व गाव यांतलं मजुरीचं अंतर मिटत असेल, तर वळण आलं समजा. नुसता आतल्यांचा पगार चढत असेल तर फक्त भिंत उंच झाली आहे.

मुंबईचं इंजिन दोन्ही टोकांनी बिघडलं. एका टोकाला नफ्याचं काय झालं ते पाहा. लुईस यांचं गणित मालक नफा पुन्हा उद्योगात घालतो या गृहीतावर चालतं. साठीनंतर अनेक मालकांनी जुन्या गिरण्यांत पैसा घालणं थांबवलं. कापड भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर निघू लागलं, जिथे मजुरी कमी आणि कामगार कायद्याची नजर नाही. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले तेव्हा गिरण्यांपेक्षा त्यांच्याखालची जमीन महाग होत चालली होती.

दुसऱ्या टोकाला होती मजुरांची खाण. रत्नागिरीचा वाटा १९११ मध्ये निम्म्याच्या आसपास होता, तो १९३१ पर्यंत पावावर आला. रत्नागिरीची माणसं संपली नव्हती. देशावरून आणि उत्तरेतून माणसं येऊ लागली होती. मुंबईच्या दृष्टीने जास्तीचे हात म्हणजे फक्त कोकणाचे हात कधीच नव्हते. रेल्वे जिथवर पोचत होती तिथवरचा सगळा मुलूख त्यात मोडत होता. त्यामुळे एखाद्या तालुक्यातले तरुण संपले म्हणून शहरातली मजुरी वाढत नाही. हा मुद्दा लोक फार विसरतात.

वळण खरंच येतं कसं, हे पाहायला चीनकडे जावं लागतं. दक्षिणेतल्या ग्वांगडाँग प्रांतात, पर्ल नदीच्या मुखाशी, १९८० नंतर खेळणी, बूट, कपडे, इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे कारखाने उभे राहिले. आतल्या प्रांतांतून कोट्यवधी तरुण मुलंमुली तिथे आली. कारखान्याच्याच वसतिगृहात राहायचं, वर्षातून एकदा चांद्र नववर्षाला गावी जायचं. निर्यात दरवर्षी फुगत होती. पण चीनच्या श्रम मंत्रालयाने २००४ साली पाहणी केली तेव्हा दिसलं की या भागातला स्थलांतरित कामगाराचा महिन्याचा पगार जेमतेम ६०० युआनच्या आसपास आहे आणि आधीच्या बारा वर्षांत तो फक्त ६८ युआनने वाढला आहे. महागाई धरली तर तो घटलाच होता. लुईस यांनी इंग्लंडबद्दल विचारलेलं कोडंच इथे पुन्हा घडत होतं.

त्याच वर्षी नववर्षाची सुट्टी संपली आणि बरेच जण परतलेच नाहीत. कारखान्यांच्या फाटकांवर भरतीचे फलक महिनोन्‌महिने लटकले. हे का झालं? एक कारण सुमारे अडीच दशकांपूर्वी पेरलेलं होतं: एक मूल धोरणामुळे गावातल्या तरुणांच्या तुकड्या लहान होत चालल्या होत्या. दुसरं कारण मला जास्त बोलकं वाटतं. त्याच सुमारास सरकार शेतीवरचा कर उतरवत होतं, धान्याचे भाव चढले होते, आणि २००६ च्या सुरुवातीला शेतीकर पूर्ण रद्द झाला. गावातल्या पानातलं भात वाढलं होतं. ६०० युआनमध्ये तरुणाला आता आठशे-हजार मैल दूर जावंसं वाटेना. खोताचा वाटा कमी झाला की मुंबईचा पगार चढायला हवा, हे आपलं कागदावरचं गणित तिथे प्रत्यक्षात उतरलं.

पुढची वर्षं वेगाने गेली. २०१० मध्ये फोशानजवळच्या होंडाच्या गिअरबॉक्स कारखान्यातल्या तरुण कामगारांनी संप केला आणि चांगली वाढ पदरात पाडून घेतली. जागेवर बदली माणूस मिळत नसल्याने संपाला धार होती. २०१२ पर्यंत स्थलांतरित कामगाराचा सरासरी महिना २२९० युआनवर पोचला. १९७८ मध्ये चीनचे सत्तर टक्के कामगार शेतीत होते, ते साधारण तेहतीस टक्क्यांवर आले. बूट-कपड्यांचे कारखाने व्हिएतनाम आणि बांगलादेशाकडे सरकू लागले, म्हणजे पुढची रांग जिथे होती तिथे. काय फांग यांच्यासारखे चिनी अर्थशास्त्रज्ञ म्हणाले की वळण आलं. इतरांनी हुकोऊ या नोंदणी पद्धतीकडे बोट दाखवलं: गावची नोंदणी असलेल्याला शहरात घर, मुलांची शाळा, दवाखाना सहज मिळत नाही, म्हणून चाळिशीत माणसं परत जातात आणि टंचाई असते त्यापेक्षा मोठी दिसते. दोघांतही तथ्य आहे. पण शेतमजुराचा रोजही त्या काळात चढला, आणि माझ्या मते खरा निकाल तिथे लागतो.

आपल्याकडे काय? २०२३-२४ च्या सरकारी श्रमशक्ती पाहणीत देशातले सुमारे ४६ टक्के कामकरी शेतीत आहेत. २०१७-१८ मध्ये ते ४४ टक्के होते. आकडा उलटा फिरला आहे. टाळेबंदीत माणसं गावाकडे आली आणि त्यांतली बरीच तिथेच राहिली, शिवाय शेतात राबणाऱ्या बायकांची मोजदादही वाढली. राष्ट्रीय उत्पन्नात शेतीचा वाटा मात्र पाचव्या हिश्शाहूनही कमी. या दोन आकड्यांमधलं अंतर म्हणजेच चार भावांच्या घरातला दहा आणि एकचा हिशेब. २००७ नंतरची काही वर्षं शेतमजुराचा खरा रोज चांगला चढला होता. रोजगार हमी आणि बांधकामाची तेजी ही त्याची कारणं सांगितली जातात. बांधकाम मंदावलं आणि तो पुन्हा थबकला. आणि गावातून निघालेला माणूस आता कारखान्यात फारसा जातच नाही. तो बांधकामावर जातो, सुरक्षारक्षक होतो, माल पोचवतो. लुईस यांनी शहरातल्या हमालांना, फेरीवाल्यांना, घरगड्यांनाही जास्तीच्या हातांतच धरलं होतं, म्हणजे त्यांच्या हिशेबाने या माणसाने गाव सोडला तरी रांग सोडलेली नाही.

कोकणात मात्र खाचरं पडीक पडली आहेत. लावणीला माणूस मिळत नाही, मिळाला तर त्याचा रोज भाताला परवडत नाही, आणि हापूसच्या बागांत राखणीला, फवारणीला नेपाळी गडी येतात. चाकरमान्यांच्या चार पिढ्यांनी आपल्या गावापुरतं वळण आणलं खरं. पण रांग नेपाळपर्यंत गेलेली असल्याने त्याचा फायदा ना गिरणगावाला झाला, ना बागेतल्या त्या गड्याला.